भिंतीवरचा पिवळा रंग कुठे गेला?

माझी भाची एका तालुक्याच्या कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. गेल्या पावसाळ्याआधी तिचा फोन आला. "मामा, तक्त्याचा फोटो आहे, एक्सेलमध्ये सगळी गावं टाइप केलीत, तारखाही टाकल्यात. तरी साहेब विचारतात लाल गावं किती, आणि माझ्याकडे उत्तरच नाही." तक्ता भिंतीवर असता तर तिने पाच मिनिटांत मोजून सांगितलं असतं. पण रंगकामासाठी भिंत रिकामी केली होती, तक्ता काढताना फाटला होता, आणि आता उरला होता तो कुणीतरी आधी मोबाइलवर काढलेला फोटो.

तक्ता होता पाण्याच्या स्रोतांचा. आपल्याकडे गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा स्वच्छता पाहणी होते. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाच्या ओट्याला भेगा पडल्यात का, जवळून गटार वाहतं का, टीसीएल पावडर साठ्यात आहे का, हे बघून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. तीव्र जोखीम असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, सौम्य असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकवणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड देतात. या कार्यालयातल्या एका आरोग्य सहायकांनी दोन वर्षांच्या चार फेऱ्यांचा तक्ता पुठ्ठ्यावर स्वतः आखला होता. डावीकडे बेचाळीस ग्रामपंचायती, पुढे प्रत्येक फेरीचा एक रकाना, आणि प्रत्येक घरात स्केचपेनने नाहीतर हायलायटरने भरलेला रंग. काही घरांत रंगावर पाहणीची तारीख होती, बहुतेकांत काहीच नव्हतं. लाल, पिवळा किंवा हिरवा असा शब्द तर एकाही घरात नव्हता. तो लिहावा असं कुणाला वाटलंच नसणार, कारण रंग डोळ्यांसमोर होता.

भाचीने जे टाइप केलं त्यात काहीच चुकीचं नव्हतं. तिने तक्त्यावर लिहिलेलं सगळं उतरवलं, फक्त न लिहिलेलं राहून गेलं. फोटोतली अक्षरं ओळखून तक्ता तयार करून देणारी साधनं आता मोबाइलमध्येही असतात. तीही नेमकं हेच करतात. त्यांचं काम अक्षर शोधायचं. घर गर्द लाल असो वा पांढरं, आत अक्षर नसेल तर त्यांच्या लेखी ते रिकामं. तिने एक्सेलमधली घरं हाताने रंगवली असती तरी अडचण मिटली नसती. एक्सेलचं मोजणीचं साधं सूत्र घरातला मजकूर पाहतं, रंग पाहत नाही. तीच फाइल सीएसव्ही स्वरूपात साठवून वरच्या कार्यालयाला पाठवली, तर सगळे रंग वाटेतच गळून पडतात. सीएसव्हीत मजकूर आणि स्वल्पविराम एवढंच असतं.

छापून पाठवलं तर काय होतं हेही सांगायला हवं, कारण अजून बरीच कार्यालयं झेरॉक्सवर चालतात. रंगीत चित्राचं काळं-पांढरं करताना सहसा लालाला सुमारे 30 टक्के, हिरव्याला 59 टक्के आणि निळ्याला 11 टक्के वजन देतात. या हिशेबाने भडक लाल रंगाची करडी छटा 255 पैकी 76 येते. गडद हिरवा घेतला, म्हणजे ज्याचं हिरवेपण 130 च्या आसपास आहे असा, तर त्याचीही छटा 76 च येते. म्हणजे तीव्र जोखमीचं गाव आणि सौम्य जोखमीचं गाव झेरॉक्सवर अगदी सारखं दिसू शकतं. भडक पिवळा येतो 226 वर, आणि कोरा कागद असतो 255 वर. तिसऱ्यांदा काढलेल्या झेरॉक्समध्ये या दोघांतला फरक शोधणं अवघड आहे. शिवाय लाल-हिरवा वेगळा ओळखू न येणारी माणसं प्रत्येक मोठ्या कार्यालयात असतात, आणि त्यांपैकी अनेकांनी ते कुणाला सांगितलेलं नसतं.

मी त्या शनिवारी तिच्याकडे गेलो आणि आम्ही दोघं फोटो घेऊन बसलो.

पहिलं काम म्हणजे रंगांची खूण शोधणं. तक्त्याच्या खाली कोपऱ्यात तीन छोटे चौकोन आणि त्यापुढे अर्थ लिहिलेला होता. सुदैवाने फोटोत तो कोपरा आला होता. हा कोपरा नसता तर आम्ही अंदाजच बांधला असता, आणि रंगांचा अंदाज बांधणं धोक्याचं असतं. अंगणवाडीतल्या वाढीच्या आलेखावर पिवळा पट्टा म्हणजे वजन मध्यम प्रमाणात कमी, आणि त्याखालचा नारिंगी म्हणजे तीव्र कमी. हवामान खात्याच्या इशाऱ्यात पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या त्रिकोणात मात्र पिवळा म्हणजे अतिशय विषारी, आणि मध्यम विषारीसाठी निळा. शेतकऱ्याच्या घरात हे तिन्ही पिवळे एकाच फळीवर असू शकतात. म्हणून तक्ता उतरवताना नुसतं 'पिवळा' लिहून भागत नाही. त्या तक्त्यावर पिवळ्याचा अर्थ काय होता, तो शब्द लिहावा लागतो.

आणि नुसता अर्थ लिहूनही भागत नाही. आम्ही दोन वेगळे रकाने केले. एकात डोळ्यांना जे दिसलं ते, म्हणजे दिसलेला रंग. दुसऱ्यात त्याचा अर्थ, म्हणजे स्थिती. पहिल्यांदा भाचीला ही दुप्पट मेहनत वाटली. पण घर फिकट गुलाबी दिसत असेल आणि तिने थेट 'तीव्र जोखीम' लिहिलं, तर पुढे कुणाला कळणार नाही की तिने लाल पाहिला की लाल असावा असं ठरवलं. पाहिलेलं आणि ठरवलेलं वेगळं ठेवलं, तरच चूक मागे जाऊन शोधता येते.

दुसरा निर्णय मांडणीचा. मूळ तक्त्यात एका ओळीत एक गाव आणि आडव्या चार फेऱ्या होत्या. भिंतीवर ते सोयीचं, कारण नजर आडवी फिरवली की गाव सुधारतंय की बिघडतंय ते दिसतं. पण प्रत्येक घराबरोबर रंग, स्थिती, शंका आणि शेरा लिहायचा तर आडवे रकाने वाढत जातात आणि कशापुढे काय आहे ते कळेनासं होतं. म्हणून आम्ही तक्ता उभा केला. एक गाव आणि एक फेरी मिळून एक ओळ. बेचाळीस गावं गुणिले चार फेऱ्या, म्हणजे 168 ओळी, मथळ्याची एक वेगळी. रकाने असे: गाव, फेरी, दिसलेला रंग, स्थिती, खात्री, शेरा. चंदेरी कार्ड मिळालेल्या गावांच्या नावापुढे आरोग्य सहायकांनी रुपेरी पेनने ठिपका दिला होता. फोटोत तो कुठे करडा आला होता, तर कुठे चकाकून पांढरा. तो फेरीच्या रकान्यात घालायचा मोह आम्ही टाळला. तो पाच वर्षांच्या कामाचा मान आहे, एका फेरीची स्थिती नाही. गावांची वेगळी यादी केली आणि तिथे तो नोंदवला.

आता खरं अवघड काम होतं रंग वाचण्याचं. माणसाचा डोळा इथे सहज फसतो, कारण तो रंग शेजारच्या रंगाशी तुलना करून पाहतो. हिरव्या घरांच्या गर्दीतला पिवळा उजळ वाटतो, लालाच्या शेजारचा तोच पिवळा मळकट. मोबाइलही प्रत्येक फोटोत प्रकाशाचा अंदाज घेऊन रंग आपल्या मनाने सावरतो. पिवळ्या बल्बखालचा फोटो वेगळा येतो आणि खिडकीच्या उजेडातला वेगळा. त्यामुळे आठवणीतल्या लालाशी ताडून पाहू नये. त्याच फोटोतल्या खुणेच्या चौकोनाशी घर ताडून पाहावं, कारण त्या चौकोनावर तोच प्रकाश पडलेला असतो. तेही पुरत नाही तेव्हा, म्हणजे तक्त्याच्या एका बाजूला सावली असेल तेव्हा, त्या घराजवळचा कोरा पुठ्ठा पाहावा. कोरा पुठ्ठाच पिवळसर दिसत असेल, तर घरातला पिवळेपणा तेवढा वजा करून वाचायचा. फोटो मोठा करून घराच्या मधल्या भागाकडे पाहायचं. कडेला स्केचपेनचे दोन थर पडून रंग गडद झालेला असतो, आणि तारखेच्या शाईजवळ तो मिसळतो.

मी भाचीला सांगितलं की तिने एकटीने वाचावं आणि मीही वेगळा बसून एकटा वाचतो, मग दोन्ही याद्या शेजारी ठेवू. या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. एकाच माणसाने दोनदा वाचलं तर तो बहुधा तीच चूक दोनदा करतो. दोघांनी वाचलं की मतभेद कुठे आहेत ते कळतं, आणि शंका बहुतेक तिथेच दडलेल्या असतात. 168 पैकी अकरा घरांवर आमचं जुळलं नाही.

त्यातली दोन घरं सोपी वाटली. तिसऱ्या फेरीत एका जागी तिने हिरवा लिहिला होता, मी लाल, आणि बऱ्याच खाली एका घरात नेमकं उलटं. मी म्हटलं, दोन घरं दुरुस्त करून टाक. मग लक्षात आलं की हे दोन सुटे घोटाळे नव्हते. तिची नजर मध्येच एक ओळ खाली घसरली होती आणि बरीच गावं पुढे जाऊन परत जागेवर आली होती. मधली सगळी घरं हिरवीच होती, म्हणून घसरणं दिसलं नाही. हिरव्यावर हिरवा बसला. ही चूक बेरजेतही सापडत नाही, कारण लालांची संख्या तेवढीच राहते, फक्त लाल दुसऱ्या गावाच्या नावावर जातो. त्यामुळे एखाद्या रकान्यात असा एकही घोटाळा सापडला, तर तेवढी घरं न दुरुस्त करता तो रकानाच पट्टी ठेवून पुन्हा वाचावा. आम्ही तसंच केलं.

तीन घरं तिरकी अर्धी लाल आणि अर्धी हिरवी होती. खुणेत असा रंग नव्हता. ती म्हणाली लाल, मी म्हणालो हिरवा, आणि दोघांनाही खात्री नव्हती. तक्ता आखणारे आरोग्य सहायक निवृत्त झाले होते, पण गावातच राहतात. भाचीने त्यांना फोन केला. "काका, ती अर्धी घरं म्हणजे काय?" त्यांनी लगेच सांगितलं की पाहणीत लाल निघालं होतं, मग ग्रामपंचायतीने विहिरीभोवतीचा ओटा दुरुस्त केला, फेरपाहणीत हिरवं आलं, म्हणून त्यांनी अर्धा रंग वर चढवला. एका घरात दोन वेळांची दोन सत्यं होती. आम्ही त्या फेरीची स्थिती 'तीव्र जोखीम' ठेवली आणि 'फेरपाहणीची स्थिती' असा एक जादा रकाना उघडून त्यात 'सौम्य जोखीम' लिहिलं. नुसतं हिरवं लिहिलं असतं तर धोका येऊन गेला हे पुसलं गेलं असतं, आणि नुसतं लाल लिहिलं असतं तर ग्रामपंचायतीची मेहनत पुसली गेली असती.

उरली सहा घरं. ती सगळी पहिल्याच रकान्यात होती, आणि तिथेच माझा जीव अडकला. भाचीने सहाही ठिकाणी 'रिकामं' लिहिलं होतं. मला चार ठिकाणी अगदी पुसट पिवळसर झाक दिसत होती, दोन ठिकाणी नुसता भास. तो रकाना खिडकीच्या बाजूचा होता आणि सर्वांत जुना. फ्लुरोसंट हायलायटरची शाई उन्हात लवकर उडते. स्केचपेनचा हिरवा आणि लाल फिकट झाले होते, पण ओळखू येत होते. हायलायटरचा पिवळा मात्र कोऱ्या पुठ्ठ्यात विरघळून गेला होता. म्हणजे जे गाव मध्यम जोखमीचं होतं, ते दोन उन्हाळ्यांत पाहणीच न झालेलं गाव बनलं होतं. रंग उडताना नेहमी असंच होतं. नोंद चुकीची दिसत नाही, ती कधी झालीच नव्हती असं दिसतं.

फोटोवर कितीही वेळ घालवला असता तरी ही सहा घरं सुटली नसती. त्यासाठी कपाटातल्या फायली काढाव्या लागल्या. कार्ड देताना पाहणीच्या अर्जाची एक प्रत कार्यालयात राहते. सोमवारी भाचीने त्या फेरीचा गठ्ठा काढला. सहापैकी पाच गावांचे अर्ज होते आणि पाचही पिवळे होते. सहाव्या गावाचा अर्ज नव्हता, म्हणजे ते घर खरोखर रिकामं होतं.

या रिकाम्या घरांविषयी थोडं थांबून सांगतो, कारण इतर कुठल्याही रंगापेक्षा पांढऱ्याने आम्हाला जास्त छळलं. पांढरं घर म्हणजे पाहणी झाली नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पण काकांनी सांगितलं की दोन गावांत त्या फेरीला विहीर आटली होती आणि टँकर चालू होता, त्यामुळे पाहण्यासारखा स्रोतच नव्हता. काही ठिकाणी पाहणी झाली होती, पण कार्ड उशिरा आलं आणि रंग भरायचा राहून गेला. म्हणजे एकाच पांढऱ्याचे तीन अर्थ होते. स्थितीच्या रकान्यात म्हणून कोरं घर कधीच ठेवायचं नाही, हा आमचा नियम झाला. तिथे 'पाहणी झाली नाही', 'स्रोत बंद' किंवा 'माहिती नाही' यांपैकी काहीतरी लिहिलंच पाहिजे. कोरं राहिलं तर ते कुणीतरी ठरवून सोडलं की टाइप करणाऱ्याचा हात चुकला, हे वर्षभराने कुणालाच सांगता येणार नाही.

खात्रीच्या रकान्यात आम्ही चारच शब्द वापरले: 'स्पष्ट', 'विचारून', 'कागदावरून' आणि 'शंकास्पद'. पाच पिवळ्या घरांपुढे दिसलेला रंग 'पुसट', स्थिती 'मध्यम जोखीम', खात्री 'कागदावरून' असं आहे. वाचणाऱ्याला सगळा प्रवास तिथेच दिसतो. शब्द प्रत्येक वेळी हाताने टाइप केले तर कुठे 'मध्यम', कुठे 'मध्यम जोखिम', कुठे शेवटी एक जादा मोकळी जागा पडते, आणि एक्सेल त्यांना वेगवेगळे शब्द समजतं. म्हणून `Data Validation` मध्ये जाऊन शब्दांची यादी ठरवून दिली, म्हणजे घरात फक्त यादीतूनच निवडता येतं.

मग साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं झालं. स्थितीचा रकाना D आहे आणि ओळी 2 पासून 169 पर्यंत आहेत:

```
=COUNTIF($D$2:$D$169,"तीव्र जोखीम")
```

उत्तर आलं 11. मध्यम जोखीम 49, सौम्य 96, आणि बाकीच्या तीन शब्दांची मिळून 12. बेरीज 168, म्हणजे एकही घर सुटलं नव्हतं आणि एकही दोनदा मोजलं गेलं नव्हतं. हे आकडे घरांचे आहेत, गावांचे नाहीत. एकाच गावाला दोन फेऱ्यांत लाल मिळालं असेल तर ते दोनदा मोजलं जातं. साहेबांना हव्या होत्या शेवटच्या फेरीतल्या लाल ग्रामपंचायती, त्या फेरीच्या रकान्यावर चाळणी लावल्यावर मिळाल्या. लाल शोधायला आता फोटो उघडावा लागत नाही.

भाचीला तरी रंग हवाच होता, आणि तिचं बरोबर आहे. बेचाळीस गावांत अडचण कुठे आहे हे रंग एका नजरेत सांगतो, शब्द नाही सांगत. फक्त रंग आता शब्दातून निघायला हवा, उलट नाही. `Conditional Formatting` मध्ये असा नियम दिला की स्थिती लिहिताच ओळ आपोआप लाल होते:

```
=$D2="तीव्र जोखीम"
```

पिवळ्या आणि हिरव्यासाठी असेच दोन नियम. स्थिती बदलली की रंग बदलतो, आणि रंग हरवला तरी स्थिती जागेवर राहते.

तुमच्या कार्यालयात, शाळेत, सोसायटीत किंवा दवाखान्यात असा रंगीत तक्ता असेल, तर भिंतीला रंग लागण्याआधी एक दुपार काढा. फ्लॅश बंद ठेवा, कारण प्लास्टिक चढवलेल्या तक्त्यावर तो पांढरा डाग पाडतो. तक्त्यासमोर सरळ उभं राहून आधी एक पूर्ण फोटो घ्या, मग चार तुकड्यांत जवळून घ्या. प्रत्येक तुकड्यात एक कोरा कागद धरा आणि रंगांची खूण किमान एका फोटोत येऊ द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे त्याचा आकार कमी होऊन रंग एकमेकांत मिसळणार नाहीत. आणि तक्ता अजून भिंतीवर असेल तर बॉलपेन घ्या आणि प्रत्येक रंगीत घराच्या कोपऱ्यात 'ला', 'पि' किंवा 'हि' एवढं एक अक्षर लिहून टाका.

भाचीच्या कार्यालयातल्या नव्या तक्त्यावर आता ते अक्षर आहे.